शेपटीवर बसलेला हिरवा दिवा

रात्रीचे साडेनऊ. लॅबच्या तळमजल्यावरची मायक्रोस्कोपची खोली. दिवे बंद, खिडकीला काळा कागद चिकटवलेला, आणि एसी इतका की स्वेटर न आणल्याबद्दल मी स्वतःलाच शिव्या घालत होते. माझी मैत्रीण एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या प्रोजेक्टवर काहीतरी लिहिते, असं मीच तिला बोलून बसले होते. तीन महिने ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो आज येणार होता म्हणे. तिने फोकस फिरवला आणि जवळजवळ ओरडलीच, "अगं बघ ना! आलं!"

स्क्रीनवर मिट्ट काळोख होता आणि त्यात एक हिरवीगार पेशी. तव्यावर सोडलेल्या अंड्यासारखी पसरलेली, मधे एक काळपट गोल. मला तर एकदम भारी वाटलं. मी मोबाइलवर फोटोसुद्धा काढला. तेवढ्यात त्यांच्या लॅबमधली पीएचडीची ताई मागे येऊन उभी राहिली. तिने दहा सेकंद बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "फोटो छान येईल. पण तुझं प्रोटीन तिथे पोचलंच नाहीये गं."

प्रबंध जमा करायला सात आठवडे उरले होते. मैत्रिणीचा चेहरा त्या अंधारातही मला दिसला.

ही गोष्ट त्या सात आठवड्यांची आहे. हिरवा रंग दिसला म्हणजे काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे मला त्या काळात कळलं. कॉमर्स घेऊन बारावी झालेल्या माणसाला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

काजवा नव्हे, टिनोपॉल

आधी माझा स्वतःचा गैरसमज सांगते. चमकणारं प्रोटीन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पुरुषवाडीचे काजवे आले. पावसाच्या तोंडावर अकोले तालुक्यात झाडंच्या झाडं लुकलुकतात ना, तसं काहीतरी. पण काजव्याचा उजेड त्याच्या पोटातच तयार होतो. तिथे एक रसायन ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्यातून प्रकाश बाहेर पडतो. बाहेरून उजेड द्यावा लागत नाही, तो अंधारातही चमकतो.

मैत्रिणीच्या पेशी अंधारात ठेवल्या तर काहीच दिसत नाही. त्यांच्यावर निळा प्रकाश टाकावा लागतो. मग त्या तो शोषून घेतात आणि हिरवा परत देतात. याला फ्लुरोसन्स म्हणतात. टिनोपॉलमध्ये बुडवलेला पांढरा शर्ट घालून कधी जांभळ्या लाइटच्या पार्टीत गेला असाल, तर तुम्ही हे अंगावर घालून फिरला आहात. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश शर्ट घेतो आणि निळसर पांढरा उजेड बाहेर टाकतो. लाइट बंद केला की शर्टचा खेळ खलास.

घेतलेला प्रकाश आणि दिलेला प्रकाश यांच्या रंगात फरक असतो, आणि सगळा मायक्रोस्कोप त्या फरकावर उभा आहे. मैत्रिणीने वापरलेला टॅग साधारण ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश सगळ्यात चांगला शोषतो आणि ५०७ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा देतो. आत एक तिरका आरसा असतो, त्याला डायक्रोइक म्हणतात. तो निळ्याला परावर्तित करतो आणि हिरव्याला आरपार जाऊ देतो. त्यामुळे दिव्यातून आलेला निळा प्रकाश आरशावर आपटून खाली पेशीवर जातो, आणि पेशीतून परतणारा हिरवा त्याच आरशातून पार होऊन कॅमेऱ्यापर्यंत येतो. उरलासुरला निळा अडवायला पुढे आणखी एक फिल्टर असतो. म्हणूनच पार्श्वभूमी इतकी काळी दिसते. पेशीत इतर हजारो प्रकारची प्रोटीन्स असतात, पण कॅमेऱ्याला ती दिसतच नाहीत.

इथेच गोम आहे. कॅमेऱ्याला मैत्रिणीचं प्रोटीनसुद्धा दिसत नाही. त्याला फक्त त्यावर बसवलेला दिवा दिसतो.

जेलीफिशचं देणं

हा दिवा म्हणजे ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन, सगळे जीएफपी म्हणतात. तो आला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जेलीफिशमधून. ओसामू शिमोमुरा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९६१च्या उन्हाळ्यात फ्रायडे हार्बर इथे हजारो जेलीफिश पकडून त्यांच्या कडा कापल्या आणि पिळल्या. त्याला हवं होतं त्यातलं निळा उजेड देणारं प्रोटीन. जीएफपी त्याच्यासोबत आलेलं, म्हणजे उसाचा रस काढताना हातात राहिलेल्या चोथ्यासारखं. त्याने त्याची नोंद तेवढी केली.

पुढे १९९२मध्ये डग्लस प्रॅशरने या प्रोटीनचा जीन शोधून वाचला. त्याचं अनुदान संपलं तेव्हा त्याने तो जीन मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन या दोघांना पाठवून दिला. (त्सिएनचा उच्चार चेन असा करतात, मी मुलाखतीत दोनदा चुकले.) २००८चं केमिस्ट्रीचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. त्या वेळी प्रॅशर अलाबामातल्या एका कार डीलरकडे ग्राहकांना सोडणारी गाडी चालवत होता. चाल्फी आणि त्सिएनने त्याला स्वतःच्या खर्चाने समारंभाला नेलं. यावर वेगळा लेख होईल, आज नको.

आज महत्त्वाचा आहे तो चाल्फीचा १९९४चा प्रयोग. कित्येकांना वाटत होतं की जीएफपी चमकायला जेलीफिशमधली आणखी काही एन्झाइम्स लागत असणार. चाल्फीच्या लॅबने फक्त जीन बॅक्टेरियात आणि एका मिलिमीटरच्या किड्यात घातला, आणि ते चमकले. दुसरं काहीही लागलं नाही. २३८ अमिनो आम्लांची ही माळ आपोआप गुंडाळून एक पिंप तयार करते, आणि पिंपाच्या पोटात ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाची तीन अमिनो आम्लं एकमेकांत गुंतून रंग देणारा भाग बनवतात. बाहेरून फक्त ऑक्सिजन लागतो. मग त्सिएनने त्यातल्या ६५व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदलून तो जास्त तेजस्वी केला. आज लॅबमध्ये वापरतात ती त्याचीच सुधारलेली आवृत्ती.

याचा अर्थ असा, की जिवंत पेशीत बाहेरून रंग टोचायची गरजच नाही. पेशीला फक्त रेसिपी द्यायची, ती दिवा स्वतः बनवते.

वाक्याच्या शेवटी जोडलेलं वाक्य

आता मैत्रिणीने तीन महिने नक्की काय केलं ते बघू. तिचं प्रोटीन म्हणजे एक एन्झाइम. ते पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या बारक्या पिशव्यांमध्ये काम करतं. या पिशव्या खूप लांब साखळीची फॅटी ॲसिड्स तोडतात, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तेही तिथल्या तिथे निकालात काढतात. आकार मायक्रॉनच्या दहाव्या भागापासून एक मायक्रॉनपर्यंत. ज्या बाळांमध्ये पिशव्यांत माल पोचवण्याची ही यंत्रणाच बिघडलेली असते, ती फार काळ जगत नाहीत. त्यामुळे कोणतं प्रोटीन आत पोचतं आणि कोणतं नाही, हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. मैत्रिणीला याच एन्झाइममध्ये एक बदल करून बघायचा होता, की बदललेलं एन्झाइम आत पोचतं का. पण त्याआधी न बदललेलं, मूळचं एन्झाइम तरी पोचताना दिसायला हवं होतं ना!

जीन म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या शब्दांचं वाक्य, शेवटी पूर्णविराम. तिने एन्झाइमच्या जीनचा पूर्णविराम काढला आणि त्याला जीएफपीचा जीन जोडला. मधे सात-आठ अमिनो आम्लांचा लवचीक धागा ठेवला, म्हणजे दोन प्रोटीन्स एकमेकांच्या अंगावर रेलणार नाहीत. जोडताना एक अक्षर जरी कमी-जास्त झालं, तर पुढचे सगळे शब्द चुकीच्या जागी तुटतात आणि जीएफपीच्या जागी कचरा तयार होतो. तिने जोड वाचून घेतला होता, तो बरोबर होता. हा जोडलेला डीएनए मेदाच्या थेंबांत गुंडाळून माणसाच्या पेशींवर टाकला. पेशींनी तो गिळला, आणि चोवीस तासांनी आम्ही त्या गार खोलीत बसलो होतो.

दिसायला हवे होते ठिपके. काळ्या पेशीत शे-दोनशे हिरवे ठिपके, कोणीतरी मोहरी सांडल्यासारखे. दिसला तो सगळीकडे पसरलेला हिरवा लेप.

चूक कुठे आहे, ते पेशीच सांगते

मला वाटलं आता ताई रागावेल. पण ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "चल, एकेक करून काढू." पुढची वीस मिनिटं मला फार आवडली. एखाद्या कसलेल्या मेकॅनिकने गाडीचा आवाज ऐकून दोष सांगावा, तसं चाललं होतं.

पहिला संशय असा की हा हिरवा रंग टॅगचा नाहीच. पेशी मुळात थोड्याफार चमकतातच. त्यांच्यातली काही जीवनसत्त्वं, जुना साठलेला कचरा, इतकंच काय पण वाढवायच्या द्रवातली रसायनंसुद्धा निळ्या प्रकाशात हिरवट दिसतात. ताईने डीएनए न दिलेल्या पेशींची डिश लावली. त्याच सेटिंगवर स्क्रीन जवळजवळ काळी राहिली. म्हणजे रंग टॅगचाच होता.

दुसरा संशय असा की पेशीतल्या एन्झाइम्सनी जोड मधेच कापला आणि सुटा झालेला जीएफपी एकटाच भटकतोय. यावर ताईने स्क्रीनवरच्या त्या काळ्या गोलाकडे बोट दाखवलं. "हे न्यूक्लियस. सुटा जीएफपी २७ किलोडाल्टनचा असतो, एवढा छोटा की न्यूक्लियसच्या भोकांतून सहज आत शिरतो. तो असता तर न्यूक्लियसही हिरवं दिसलं असतं. तुझं एन्झाइम आणि जीएफपी मिळून नव्वदच्या जवळ जातं. ते आत जात नाही, म्हणून गोल काळा. जोड शाबूत आहे." साधारण चाळीस ते साठ किलोडाल्टनच्या पुढचं काही त्या भोकांतून आपोआप जात नाही, हे मला नंतर कळलं. मी ज्याला फोटोतली कमतरता समजत होते, तो खरं तर पुरावा होता. तरी दोन दिवसांनी मैत्रिणीने पेशींचा अर्क काढून, त्यातली प्रोटीन्स वजनाप्रमाणे वेगळी करून, जीएफपीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने तपासलंच. पट्टी नव्वदच्या जवळ आली, सत्तावीसला काही नव्हतं.

तिसरा संशय मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला. पेशीला बाहेरून दिलेला जीन ती अतिउत्साहाने वाचते आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रोटीन बनवते. पिशवीत माल नेणारे हमाल मोजकेच असतात. माल जास्त झाला तर बाकीचा बाहेर पडून राहतो, आणि ठिपक्यांच्या भोवती धुकं दिसतं. मैत्रिणीने अर्थातच सगळ्यात चमकदार पेशी निवडली होती. कोण नाही निवडणार? ताई म्हणाली, "नवीन मुलं सगळी हेच करतात. सगळ्यात उजळ पेशी म्हणजे सगळ्यात आजारी पेशी. कडेची फिक्कट बघ." फिक्कट पेशी शोधल्या, कॅमेऱ्याचा वेळ वाढवला. मालाची गर्दी हे कारण असतं, तर या पेशींत तरी ठिपके दिसायला हवे होते. तिथेही लेपच होता, फक्त फिका.

मग ताईने विचारलं, "जीएफपी कुठल्या टोकाला लावलास?"

"शेवटी."

"आणि पत्ता कुठे आहे?"

मैत्रीण काहीच बोलली नाही. मग तिने कपाळावर हात मारला.

तीन अक्षरांचा पत्ता

पेशीत तयार झालेल्या प्रोटीनने कुठे जायचं, हे बऱ्याचदा त्याच्या माळेतच लिहिलेलं असतं. पेरॉक्सिसोमला जाणाऱ्या बहुतेक प्रोटीन्सचा पत्ता अगदी शेपटीला असतो आणि तो फक्त तीन अमिनो आम्लांचा असतो: सेरीन, लायसीन, ल्युसीन. लॅबच्या भाषेत एसकेएल. हमाल प्रोटीन ही शेपटी पकडतं आणि माल पिशवीत पोचवतं. अट एकच. शेपटीचं टोक मोकळं हवं. त्याच्यापुढे काही जोडलं, की हमालाला पत्ता दिसत नाही.

मैत्रिणीने नेमकं तेच केलं होतं. एसकेएलच्या पुढे अख्खं २३८ अमिनो आम्लांचं पिंप. कुरिअरच्या पाकिटावर पत्ता लिहायचा आणि त्यावरच मोठ्ठं स्टिकर चिकटवायचं, तसं. लॅबमधल्या तयार प्लाझ्मिडमध्ये जीएफपी शेवटीच बसवायची सोय होती आणि सीनियरने दिलं म्हणून तिने विचार न करता वापरलं. चूक इतकी साधी असते हे ऐकून मला बरं वाटलं, तिला अजिबात वाटलं नाही.

आणि गंमत बघा, हा पत्ता सापडला तो काजव्यामुळे! भारतात जन्मलेले सुरेश सुब्रमणी यांच्या सॅन दिएगोमधल्या लॅबने १९८०च्या दशकात काजव्याचं प्रकाश देणारं एन्झाइम, ल्युसिफरेज, माकडाच्या पेशींत घातलं. माकडाच्या पेशीचा आणि काजव्याचा काय संबंध? पण ते एन्झाइम बरोब्बर पेरॉक्सिसोममध्ये जाऊन बसलं. म्हणजे पत्ता दोघांना वाचता येत होता. मग त्यांनी एन्झाइमची शेपटी बदलत बदलत दाखवलं की शेवटची तीन अमिनो आम्लं पुरतात, आणि १९८९मध्ये ते प्रसिद्ध झालं. माझे पुरुषवाडीचे काजवे शेवटी लेखात कामाला आलेच.

उपाय काय, तर दिवा डोक्याला लावायचा आणि शेपटी मोकळी ठेवायची. ऐकायला सोपं आहे. करायला नवीन प्रायमर मागवायचे, ते यायची वाट बघायची, जोडायचं, बॅक्टेरियात वाढवायचं, वाचून घ्यायचं, पुन्हा पेशी. सातातले तीन आठवडे त्यात गेले.

एक शंका माझ्या मनात होती. एवढं मोठं पिंप डोक्यावर घेऊन प्रोटीन पिशवीत शिरणार कसं? ताई म्हणाली, हे पेरॉक्सिसोमचं खास वैशिष्ट्य. मायटोकॉन्ड्रियात शिरायचं तर प्रोटीनला उलगडून धाग्यासारखं व्हावं लागतं. पेरॉक्सिसोम मात्र घडी घातलेली, पूर्ण तयार प्रोटीन्स आत घेतो. त्यामुळे जीएफपी आधीच गुंडाळलेला असला तरी चालतं. पण प्रत्येक प्रोटीनचं असं नसतं. मायटोकॉन्ड्रियाच्या बऱ्याच प्रोटीन्सचा पत्ता डोक्याकडे असतो, तिथे दिवा डोक्याला लावला तर वाटच लागेल. काहींना दोन्ही टोकं कामाला लागतात, मग टॅग मधेच एखाद्या सैल वळणावर बसवावा लागतो. कुठल्या टोकाला लावायचं याचं ठरीव उत्तर नाही. सांभाळून काम करणारे लोक दोन्ही बाजूंनी करून बघतात.

मोहरी सांडली

दुसऱ्यांदा गेले तेव्हा स्वेटर नेला होता.

या वेळी ठिपके दिसले. खरंच मोहरी सांडल्यासारखे. मैत्रीण ओरडली नाही, ही तिच्यातली प्रगती. तिने आधी दुसरा चॅनल लावला. त्याच पेशींत तिने आणखी एक डीएनए घातला होता. त्यातून एक लाल चमकणारं प्रोटीन तयार होतं, आणि त्याच्या शेपटीला एसकेएल आहे. हे लाल प्रोटीन पेरॉक्सिसोममध्येच जातं हे आधीपासून माहीत आहे. लाल ठिपके आणि हिरवे ठिपके एकमेकांवर ठेवले. पिवळे झाले. मग तिने फक्त हिरवा टॅग असलेल्या पेशी लाल चॅनलमध्ये बघितल्या, हिरव्याचा उजेड तिकडे सांडत नाही ना हे तपासायला. तिथे काळोख होता.

तरीही ताईने तिला एक वाक्य बदलायला लावलं. वहीत मैत्रिणीने लिहिलं होतं, "प्रोटीन पेरॉक्सिसोमच्या आत आहे." ताई म्हणाली, "आत आहे हे तुला दिसलं का?" दिसलं नव्हतं. अशा साध्या मायक्रोस्कोपखाली हिरव्या प्रकाशात साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, त्या मिळून एकच ठिपका होतो. छोटा पेरॉक्सिसोम त्याहूनही लहान असतो. त्यामुळे प्रोटीन पिशवीच्या पोटात आहे की बाहेरून भिंतीला चिकटून बसलंय, हे या फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी वेगळा प्रयोग लागतो. मैत्रिणीने "आत" खोडून "जागी" लिहिलं. पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला शब्दांबद्दल एवढं कोणी रागावलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट फोटोतून कळत नाही. दिवा डोक्यावर घेऊन एन्झाइम काम करतंय का? योग्य जागी बसणं वेगळं आणि काम करणं वेगळं. त्यासाठी ज्या पेशींत ते एन्झाइम मुळातच नाही, अशा पेशींना टॅगवालं देऊन फॅटी ॲसिड तुटायला लागतं का, हे बघावं लागतं. ते या सात आठवड्यांत होणार नव्हतं, आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलंय.

मग आला तो भाग ज्यासाठी हा सगळा खटाटोप. पेशी जिवंत होत्या! आधीच्या पद्धतींत पेशी रसायनाने गोठवून, मारून, मग अँटिबॉडीने रंगवत. तो शेवटी एक फोटोच. इथे सिनेमा बनतो. पेरॉक्सिसोमचा असा सिनेमा १९९७मध्ये जीएफपीला एसकेएलची शेपटी लावूनच केला गेला होता. त्यात दिसलं की बहुतेक ठिपके जागच्या जागी थरथरतात, पण थोडे अचानक सुटतात आणि सरळ लांब धावतात, पेशीतल्या सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून. नलिका मोडणारं औषध दिलं की धावणं बंद. मेलेल्या पेशींचे हजार फोटो काढले असते तरी हे समजलं नसतं.

आम्हीही सिनेमा काढला. पेशी ३७ अंशांवर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, तळाला पातळ काच असलेल्या डिशमध्ये. द्रवातला गुलाबी रंग काढलेला, कारण तोही चमकतो. मी म्हटलं, सतत लाइट चालू ठेवूया ना, काही सुटायला नको. ताईने माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की बस्स. प्रकाश फुकट नसतो. प्रत्येक वेळी निळा प्रकाश टाकला की काही जीएफपी कायमचे विझतात, आणि सोबत ऑक्सिजनची विषारी रूपं तयार होऊन पेशीला इजा करतात. जास्त झालं तर पेशी कडा आखडून गोल होतात, अंगावर फुगे येतात. त्याआधीच ठिपक्यांची धाव मंदावते. ते जास्त वाईट, कारण पेशी ठीक दिसते आणि तुम्ही समजता प्रोटीनच असं वागतं. म्हणून प्रकाश जितका कमी करता येईल तितका केला, कॅमेरा थोडा जास्त वेळ उघडा ठेवला आणि दर पाच सेकंदांनी एकच फोटो. चित्र दाणेदार आलं. इन्स्टावर टाकण्यासारखं अजिबात नाही.

पंधरा मिनिटांचा सिनेमा भराभर चालवून बघितला. ठिपके थरथरत होते, डब्यात ठेवलेल्या मुंग्यांसारखे. आणि मग उजवीकडचा एक ठिपका निघाला. सरळ, पेशीच्या काठाकडून मधल्या काळ्या गोलाकडे. थांबला, पुन्हा निघाला. मैत्रिणीने तो भाग सहा वेळा मागे-पुढे केला.

"आता दुसरी डिश," ताई म्हणाली. त्याच दिवशी, त्याच पेशी, तोच डीएनए, पण ती डिश सगळा वेळ इनक्युबेटरमध्ये अंधारात होती. तिच्यावर प्रकाश पडलाच नव्हता. तिचे फक्त एक-दोन फोटो काढायचे आणि शेजारी ठेवून बघायचं, की सिनेमातल्या पेशी हिच्यापेक्षा वेगळ्या दिसतात का.

दोन्हीकडच्या पेशी सारख्याच पसरलेल्या होत्या, ठिपकेही साधारण तेवढेच. मैत्रिणीने वहीत वेळ लिहिली, ११.४०, आणि बदललेल्या एन्झाइमची डिश बाहेर काढायला उठली.